६०० रेषांची ग्रेटिंग, सहा महिन्यांनंतर: सोडियमची जोडी कधी सुटते, कधी नाही

मिलिमीटरला ६०० रेषा असलेली, काचेवर चिकटवलेली रेप्लिका ग्रेटिंग गेले सहा महिने साध्या प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोमीटरवर वापरात आहे. सोबत ३०० आणि १२०० रेषांच्याही होत्या, त्यामुळे तुलना आयतीच झाली. निकाल आधीच सांगतो: सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा, म्हणजे ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, वेगळ्या बघायच्या असतील तर ६०० ची दुसरी ऑर्डर हीच कामाची जागा. पहिल्या ऑर्डरमध्ये बहुतेकांना एकच जाड रेष दिसते आणि दोष ग्रेटिंगवर जातो. बिचारीचा त्यात काही दोष नसतो.

हिशोब बघा. फरक ०.६ नॅनोमीटरचा, म्हणजे ही जोडी सोडवायला साधारण १००० इतकी विभेदन क्षमता लागते. ग्रेटिंगची क्षमता म्हणजे ऑर्डर गुणिले प्रकाश पडलेल्या रेषांची संख्या. २५ मिलिमीटर रुंदीवर प्रकाश पडला तर पहिल्याच ऑर्डरला ती १५,००० भरते, गरजेच्या पंधरा पट. मग रेषा चिकटून का दिसतात? कारण स्लिट. पहिल्या ऑर्डरला (२०.७ अंशांवर) दोन रेषांमधलं अंतर जेमतेम १.३ कोनीय मिनिटं असतं. कॉलिमेटरचं फोकल लेंग्थ १७८ मिलिमीटर धरलं तर ०.१ मिलिमीटर उघडलेली स्लिट स्वतःच सुमारे १.९ मिनिटं रुंद असते. दोन्ही रेषांच्या प्रतिमा एकमेकींवर चढतात. दुसऱ्या ऑर्डरला (४५ अंशांवर) अंतर ३.५ मिनिटं होतं. तिथे स्लिटची प्रतिमाही थोडी फुगते, २.७ मिनिटांपर्यंत, पण तरी मध्ये काळी फट उरते. याच कॉलिमेटरवर पहिल्या ऑर्डरला जोडी सोडवायची तर स्लिट ०.०६ मिलिमीटरपेक्षा बारीक हवी, दुसऱ्या ऑर्डरला ०.१२ चालते. स्क्रू फिरवताना हा फरक बोटांना जाणवतो.

ग्रेटिंगची स्वतःची मर्यादा बघायची हौस असेल तर एक सोपी युक्ती आहे. काळ्या कागदात उभी खाच कापून ती ग्रेटिंगला लावायची आणि स्लिट जवळजवळ मिटवायची. दुसऱ्या ऑर्डरला खाच १ मिलिमीटर असेल तर ६०० रेषा कामाला लागतात, क्षमता १२००, आणि जोडी कशीबशी सुटते. खाच अर्ध्या मिलिमीटरवर आणली की क्षमता ६०० होते आणि दोन्ही रेषा एक होतात. टेलिस्कोप तोच, स्लिट तीच, फक्त उजळलेल्या रेषा कमी झाल्या. एकाच ऑर्डरला क्षमता रेषांच्या दाटपणावर नाही, एकूण उजळलेल्या रेषांवर ठरते, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

आता मोठ्या ऑर्डरचा मोह. d sinθ = mλ मध्ये sinθ एकच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून m कधीच d/λ पेक्षा मोठा होत नाही. ६०० च्या ग्रेटिंगला d १६६६.७ नॅनोमीटर. भागिले ५८९.३ केलं की २.८३. म्हणजे सोडियमसाठी दोनच ऑर्डर. २.८३ म्हणजे जवळजवळ तीन असं गोल करून तिसरी ऑर्डर शोधत टेलिस्कोप टोकापर्यंत फिरवणारे दर बॅचला भेटतात. अपूर्णांक नेहमी खाली सोडायचा. ३०० च्या ग्रेटिंगला हाच आकडा ५.६६ येतो, म्हणून पाच ऑर्डर, आणि १२०० ला १.४१, म्हणून एकच.

गंमत इथे आहे. ३०० ची चौथी, ६०० ची दुसरी आणि १२०० ची पहिली ऑर्डर, तिन्ही सोडियमसाठी ४५ अंशांवरच येतात आणि तिन्हींत जोडीतलं अंतर तेच, ३.५ मिनिटं. उजळलेली रुंदी सारखी ठेवली तर क्षमताही तीच. त्यामुळे जास्त रेषांची ग्रेटिंग घेतली की जोडी जास्त सुटेल हा समज सोडून द्यावा. फरक पडतो तो उजेडात: ३०० चा प्रकाश पाच ऑर्डरमध्ये वाटला जातो आणि तिची चौथी आमच्या नगावर इतकी फिकट होती की खोली पूर्ण अंधारी केल्याशिवाय दिसत नव्हती. १२०० मध्ये उजेड भरपूर, पण एकच ऑर्डर असल्याने पडताळणीला दुसरी जागा नाही. म्हणून ६००.

कमाल ऑर्डर तरंगलांबीप्रमाणे बदलते हेही विसरू नका. मर्क्युरी लॅम्प लावला तर ४०४.७ च्या जांभळ्या रेषेला d/λ ४.१२ येतो, म्हणजे चार ऑर्डर, तर ५७९ च्या पिवळ्याला दोनच. परिणाम असा की दुसऱ्या ऑर्डरची पिवळी ४४ अंशांवर दिसली की लगेच ४६.८ अंशांवर तिसऱ्या ऑर्डरची जांभळी हजर. नवखा माणूस तिला दुसऱ्या ऑर्डरमध्ये मोजतो आणि ६०७ नॅनोमीटर असं उत्तर काढतो. जांभळी रेष ६०७ ची कशी असेल, हा प्रश्न मात्र त्याला पडत नाही.

कधी कधी सोडियमची तिसरी ऑर्डर खरोखर दिसते. तेव्हा समजायचं की ग्रेटिंग प्रकाशाला काटकोनात नाही. आपाती कोन धरला की सूत्र d(sin i + sinθ) = mλ असं होतं आणि एका बाजूची मर्यादा वाढते. १० अंश तिरकी केली तर तिसरी ऑर्डर सरळ प्रकाशापासून ७२.५ अंशांवर येते आणि जोडी ८ मिनिटं दूर दिसते. मुद्दाम करून बघण्यासारखी गोष्ट आहे. नकळत झाली तर घात. १ अंश तिरकेपणाने दुसऱ्या ऑर्डरची डावी-उजवी वाचनं ५० मिनिटांनी वेगळी येतात, पण सरासरी घेतली की चूक मिनिटभरावर झाकली जाते. म्हणून सरासरीआधी दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहून बघाव्यात.

लेबलवर विश्वास ठेवताना जपून. आणखी एक नग आला होता, त्याच्या डब्यावर ६०० लिहिलेलं, पण सोडियमचं उत्तर सतत ५८० येत होतं. ती खरी इंचाला १५,००० रेषांची होती, म्हणजे मिलिमीटरला ५९०.६. उत्तर दोनेक टक्के कमी येत असेल तर आधी हे तपासा, व्हर्निअर मागाहून.

लॅम्प कमी दाबाचाच घ्या. चालू केल्यावर तो लालसर दिसतो, पिवळा स्थिर व्हायला पाच-दहा मिनिटं द्यावीत. रस्त्यावरच्या दिव्यातला जास्त दाबाचा सोडियम अजिबात नको: त्यात रेषा पसरतात, मध्यावर काळा पट्टा येतो आणि त्या पट्ट्यालाच लोक दोन रेषांमधली फट समजतात.

टिकाऊपणाबद्दल: कोन अजून जसेच्या तसे आहेत, पण एका कोपऱ्यावर बोटाचा ठसा उठला आहे. त्याने रेषा सरकत नाहीत, पार्श्वभूमी मात्र धुरकट होते आणि दुसऱ्या ऑर्डरची फट आधीइतकी काळी दिसत नाही. पुसायला गेलात तर ग्रेटिंगवरच्या रेषाच जातील आणि अ‍ॅसिटोनने तर फिल्मच विरघळू शकते. धूळ फुंकणीने उडवायची, ठसा आहे तिथे राहू द्यायचा आणि तो कोपरा काळ्या कागदाने झाकायचा. २५ मिलिमीटरपैकी ५ गेले तरी क्षमता दुसऱ्या ऑर्डरला २४,००० उरते.