इस्ट्रिऑल क्रीम, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: औषध पास, नळी नापास

क्रीम योनीमार्गात सोडायच्या नळीवरची, म्हणजे ॲप्लिकेटरवरची, अर्ध्या ग्रॅमची रेघ पुसली गेली, म्हणून हे लिहायला बसले. औषध महिनोन्‌महिने चालवायचं आणि नळी प्रत्येक वेळी कोमट साबणाच्या पाण्याने धुवायची, असं आतल्या कागदावर कंपनीच छापते. मग धुण्याला टिकेल अशी रेघ का छापत नाही? सुटी नळी मागितली तर उत्तर आलं, "ती ट्यूबसोबतच मिळते." म्हणजे एका रेघेसाठी अख्खी ट्यूब घ्या!

आता औषधाबद्दल. पाळी गेल्यावर सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालेल्यांना हे इस्ट्रोजेन हार्मोनचं क्रीम देतात, ते इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून. माझं चक्र ठरलेलं होतं. जळजळ, अँटिबायोटिकचा कोर्स, काही आठवडे बरे, पुन्हा जळजळ. लघवीतले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, म्हणजे कल्चरमध्ये, दर वेळी ई. कोलाय हा जंतू, आणि रिपोर्टवर ‘रेझिस्टंट’ शिक्का बसलेल्या, म्हणजे आता लागू न पडणाऱ्या औषधांची यादी लांबत चाललेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावून योनीमार्गाचा पीएच पाहिला; हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. ६.५ च्या आसपास निघाला. पाळी चालू असताना तो साधारण ४.५ च्या आत असतो, कारण इस्ट्रोजेनमुळे तिथल्या पेशींत ग्लायकोजेन साठतं आणि त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस जंतू आम्ल तयार करतात. इस्ट्रोजेन आटलं की अस्तर पातळ होतं, हे जंतू ओसरतात आणि आतड्यातला ई. कोलाय तिथे ठाण मांडतो. लघवीचं छिद्र अगदी शेजारीच. अँटिबायोटिक मूत्राशय साफ करतं, पण शेजारचं ठाणं काही उठत नाही.

डोस असा: ०.१ टक्का क्रीम अर्धा ग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम इस्ट्रिऑल. पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. झोपतानाच लावायचं, नाहीतर बाहेर येतं. सुरुवातीला झोंबलं, पण हे झोंबणं फक्त लावल्यावर थोडा वेळ आणि बाहेरच्या बाजूला होतं. इन्फेक्शनची जळजळ लघवी करताना होते आणि मिनिटामिनिटाला जावंसं वाटतं. हा फरक कळला की उगाच घाबरायला होत नाही.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा इन्फेक्शन झालं. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर दोनच स्टार दिले असते. बाई म्हणाल्या, "अहो, अस्तर भरून यायला आणि जंतू परतायला दोन-तीन महिने लागतात. तोवर याला नावं ठेवू नका." कोर्स घेतला, क्रीम चालू ठेवलं. चौथ्या महिन्यात पीएच ५ च्या खाली आला आणि त्यानंतर आजपर्यंत एकही इन्फेक्शन नाही. १९९३ साली राझ आणि स्टॅम या संशोधकांनी हेच क्रीम तपासलं होतं. नुसतं बिनऔषधी क्रीम लावणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी ५.९ इन्फेक्शनं झाली, इस्ट्रिऑलवाल्यांना ०.५. मात्र फायदा लावत असेपर्यंतच. सोडलं की अस्तर पुन्हा मूळपदावर जातं, म्हणून तर नळीचा एवढा जीव खाते आहे.

पोटातून घेतलेल्या हार्मोनच्या गोळीने ही इन्फेक्शनं कमी होत नाहीत, हे ऐकून नवल वाटलं. क्रीमच्या कागदावर कॅन्सरपासून गुठळीपर्यंतची जी जंत्री असते, ती बहुतेक त्या गोळ्यांच्या अभ्यासांतून आली आहे; या डोसात रक्तात फारच थोडं जातं. तरी स्तनाचा कॅन्सर झालेल्यांनी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं, आणि कोणालाही खालून रक्त गेलं तर आधी तपासणी.

बाकी उपायांत क्रॅनबेरीचा काहींना थोडा फायदा होतो. डी-मॅनोज नावाच्या साखरेच्या पुडीवर पैसे घालवू नका, २०२४ च्या ब्रिटनमधल्या चाचणीत ती फोल ठरली. क्रीम पुरलं नाही तर मेथेनामाइनची गोळी आहे. आम्लयुक्त लघवीत तिचं फॉर्माल्डिहाइड होतं आणि जंतू मरतात. २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत ती रोजच्या छोट्या अँटिबायोटिक डोसाच्या तोडीची ठरली. मला अजून गरज पडलेली नाही.

आणि ती रेघ? बाईंनीच तोड काढली. मापाएवढं क्रीम बोटाच्या टोकावर घ्यायचं, योनीमार्गाच्या पुढच्या भिंतीला आणि लघवीच्या छिद्राभोवती लावायचं. नळीत उरून वाया जाणारं क्रीमही वाचतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच कारणाने लघवी तपासली तर त्यात ई. कोलाय दिसला. त्रास काहीच नव्हता. लॅबवाल्याने लगेच अँटिबायोटिकचं नाव सुचवलं. बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला: लक्षणं नसताना या वयात काहींच्या लघवीत जंतू सापडतातच, त्यांना औषध दिलं तर फक्त रेझिस्टन्स वाढतो. जळजळ झाली तर आधी कल्चर, मगच गोळी. क्रीम तसंच चालू.