अँगल कॉक बसवून दहा महिने: दोन पितळी, एक प्लॅस्टिकचा

मागच्या दिवाळीआधी बाथरूममध्ये तीन अँगल कॉक बसवले, म्हणजे त्या-त्या जागेचं पाणी भिंतीपाशीच बंद करणारे छोटे कॉक. बेसिनला, गिझरला आणि फ्लश टाकीला. त्याआधी साधा वॉशर बदलायचा तरी गच्चीवर चढून टाकीचा मेन कॉक बंद करावा लागे. काकाजीच्या तेरवीला फ्लश टाकी वाहायला लागली, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि दोन तास भांडी घासायलाही पाणी नाही. त्या दिवशी ठरवलं.

बेसिन आणि गिझरला पाव फेऱ्याचे पितळी घेतले. फ्लश टाकीला म्हटलं, कोण पाहते? प्लॅस्टिकचा घेतला, अडीचशे वाचवले. मिस्त्री म्हणाला होता, "भाऊ, पितळीच घ्या, मंग मले बोलू नका."

उन्हाळ्यात फ्लशचा बॉल कॉक पुन्हा गळू लागला. ऐटीत अँगल कॉक फिरवला, तर मूठ गरागरा फिरली आणि पाणी चालूच! आमचं बोअरचं पाणी क्षारी. आठ महिने न हलवल्यानं आतला दांडा क्षारानं घट्ट बसला होता आणि जोर लावताच मुठीतले दाते झिजले. शेवटी गच्चीवर मीच चढलो, मे महिन्याच्या दुपारी. ते अडीचशे रुपये मला अजून टोचतात.

आता तिथेही पितळी आहे. आटे पितळी असल्यानं एल्बोत बसवायला त्रास झाला नाही. टेफ्लॉन टेप फक्त भिंतीकडच्या आट्यांवर गुंडाळायची, कनेक्शन पाईपच्या नटाला नाही. तिथं आतला रबरी वॉशरच पाणी धरतो.

पितळी म्हणजे निर्धोक, असं मी तेव्हा म्हणत होतो. ते आता मागे घेतो. बेसिनचा कॉक बंद करूनही पाईप सोडल्यावर टपटप चालूच राहते. आतल्या चिनीमातीच्या दोन चकत्यांमध्ये बोअरची रेती गेली की ओरखडा पडतो आणि मग कितीही आवळा. कॉक लावण्याआधी पाईपमधून बादलीभर पाणी सोडून रेती काढायला हवी होती. स्पिंडल बदलला की होईल, पण बादली ठेवून भागते, म्हणून राहिलं आहे.

फ्लशचा कॉक तपासायचा असेल तर तो बंद करून एकदा फ्लश करा आणि तासाभराने झाकण उघडा. टाकीत पाणी चढलेलं दिसलं तर कॉक गळतो आहे. मी आता दर अमावास्येला तिन्ही एकदा बंद-चालू करतो. अर्धवट उघडा ठेवत नाही.

मागच्या आठवड्यात गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला. आधी वीज बंद, मग कॉक बंद. गिझरमध्ये भरलेलं पाणी बादलीत उतरलंच, ते काही हा कॉक अडवत नाही. पण तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात आईची भांडी घासून झाली होती.