सीलबंद डब्यातला ७८०५: इंदूरमध्ये २,१०० रुपयांना झालेली फसवणूक

आमच्या कॉलनीत मुलांसाठी एक अभ्यासिका चालते. गच्चीवर सोलर पॅनल आहे आणि खाली १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केले आहेत. गेल्या एप्रिलमध्ये सहा टेबलांवर ५ व्होल्टचे एलईडी दिवे लावायचे ठरले आणि २४ चे ५ करणारे डबे आणायचे काम माझ्याकडे आले.

जेल रोडच्या बाजूला एका दुकानात काळे, बोटभर लांबीचे डबे मिळाले. आत काळा राळेसारखा मसाला ओतून ते पूर्ण बंद केलेले होते, बाहेर फक्त चार वायरी. लेबलवर लिहिले होते: स्विचिंग कन्व्हर्टर, इनपुट ८ ते ३५ व्होल्ट, आउटपुट ५ व्होल्ट, १.५ अँपियर. एकाची किंमत ३५० रुपये. दुकानदाराने १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, पुढे एक बारकी एलईडी पेटवली आणि म्हणाला, “भिया, हाथ लगा के देखो, एकदम ठंडा।” डबा खरोखर थंड होता. मी सहा डबे घेतले.

पहिल्याच संध्याकाळी दिवे लागले आणि दोन-तीन मिनिटांत एकेक करून विझले. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा लागले, पुन्हा विझले. “काका, दिवा परत गेला,” असे मुले सारखी येऊन सांगत होती. डब्याला बोट टेकवत नव्हते. परीक्षेचे दिवस होते, मुले मोबाइलच्या टॉर्चवर वाचत बसली, आणि मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन बसलो. बॅटरीवर २५.६ व्होल्ट होते, दिव्यावर जवळजवळ ५. दिव्याचा करंट ०.५ अँपियर. मग मीटर डब्याच्या अलीकडे, बॅटरीकडून येणाऱ्या लाल वायरीत सिरीजमध्ये लावला. तिथेही ०.५ अँपियर! तिथेच चोरी पकडली गेली.

खरा स्विचिंग कन्व्हर्टर व्होल्टेज उतरवतो तेव्हा बॅटरीकडून कमी करंट ओढतो. दिव्याला ५ गुणिले ०.५ म्हणजे २.५ वॅट लागतात. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून सुमारे ३ वॅट जायला हवेत, म्हणजे २५.६ व्होल्टवर साधारण ०.१२ अँपियर. लिनियर रेग्युलेटरचे तसे नसते. तो मध्ये बसून जास्तीचे व्होल्टेज स्वतःवर झेलतो आणि करंट जसाच्या तसा पुढे जातो. आत जेवढा, बाहेर तेवढाच. म्हणून त्याची उष्णता काढायला एवढेच पुरते:

उष्णता (वॅट) = (इनपुट व्होल्टेज − आउटपुट व्होल्टेज) × लोडचा करंट

आमच्याकडे २५.६ वजा ५ म्हणजे २०.६ व्होल्ट, गुणिले ०.५, म्हणजे १०.३ वॅट. दिव्याला २.५ वॅट द्यायचे आणि त्यासाठी चौपट उष्णता त्या बोटभर डब्यात कोंडायची. रेग्युलेटर स्वतःसाठी काही मिलिअँपियर घेतो, त्याचा हिशेब इथे सोडून दिला तरी चालतो.

आता दुकानातला प्रयोग आठवा. १२ वजा ५ म्हणजे ७ व्होल्ट, आणि एका एलईडीचा करंट फार तर २० मिलिअँपियर. उष्णता झाली ०.१४ वॅट. थंड लागणारच. तो प्रयोग खोटा नव्हता, पण लेबलवर ३५ व्होल्ट आणि १.५ अँपियर लिहून ७ व्होल्टच्या फरकावर २० मिलिअँपियरचे प्रात्यक्षिक दाखवणे ही फसवणूकच आहे. मी वर्षानुवर्षे पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत हेच गणित मुलांकडून करून घेतले. दुकानात केले नाही, कारण लेबलवर ‘स्विचिंग’ लिहिले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

एक डबा हातोडीने फोडला. आत ७८०५ हा ५ व्होल्टचा साधा लिनियर रेग्युलेटर, त्याला पत्र्याची एक पातळ पट्टी आणि दोन कपॅसिटर. कॉइल नाही. कॉइलशिवाय २४ चे ५ करून अर्धा अँपियर देणारा स्विचिंग कन्व्हर्टर मला बाजारात कधी दिसलेला नाही.

७८०५ हा वाईट भाग नाही. ३५ व्होल्ट ही त्याची कमाल इनपुट मर्यादा आहे आणि हीटसिंक व्यवस्थित असेल तर तो एक अँपियरही देतो. पण या दोन मर्यादा एकाच वेळी गाठता येत नाहीत. हीटसिंक नसलेला ७८०५ दर वॅटला सुमारे ६५ अंश तापतो. मे महिन्यात आमच्या खोलीत सहज ४० अंश असतात. आतल्या चिपला १२५ अंशांपर्यंत जाऊ दिले तर वाढीला जागा ८५ अंशांची, म्हणजे जेमतेम १.३ वॅट. त्याला २०.६ ने भागा: सुमारे ६३ मिलिअँपियर. आतल्या पट्टीने थोडी मदत केली असेल, पण १.५ अँपियरचा दावा आणि हा आकडा यांत किती अंतर आहे ते पाहा. मर्यादेपलीकडे तापला की ७८०५ स्वतःला बंद करतो आणि गार झाला की पुन्हा सुरू होतो. आमचे दिवे यामुळेच विझत आणि लागत होते.

परत गेलो तेव्हा दुकानदाराने माल परत घेतला नाही. म्हणाला, “आगे एक रजिस्टर लगा लो, ठंडा चलेगा।” हे अर्धसत्य आहे. डब्याच्या अलीकडे २० ओहमचा रेझिस्टर लावला तर ०.५ अँपियरवर १० व्होल्ट त्याच्यावर पडतात, ५ वॅट उष्णता तिथे जाते आणि डब्यात ५.३ उरतात. एकूण बेरीज तीच १०.३. त्या डब्याला ५.३ वॅटही झेपत नाहीत, आणि बॅटरीतून जाणारा करंट तसूभरही घटत नाही. सहा डब्यांचे ३ अँपियर, चार तासांचे १२ अँपियर-तास. चांगल्या कन्व्हर्टरवर हेच काम ३ पेक्षा कमी अँपियर-तासांत होते. मोठा हीटसिंक लावायचा म्हटले तर १०.३ वॅटसाठी तळहाताएवढा, जाड पंखांचा ॲल्युमिनियमचा तुकडा लागेल, तोही मसाल्यात बुजवलेल्या चिपला लावता येत नाही.

आता मी दुकानात जाताना १० ओहम, ५ वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर आणि मीटर खिशात ठेवतो. ५ व्होल्टच्या आउटपुटवर तो बरोबर ०.५ अँपियर घेतो. दुकानदाराला २४ व्होल्टच लावायला सांगायचे आणि इनपुटच्या वायरीतला करंट पाहायचा. ०.१२ च्या आसपास आला तर माल खरा, ०.५ आला तर लेबल खोटे. रेझिस्टरला हात लावू नका, तो तापतो. पाच मिनिटे तसेच चालू द्या, कारण पहिल्या मिनिटात खोटा डबाही नीट चालतो. जो दुकानदार २४ व्होल्ट लावायला नकार देतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

शेवटी दुसरीकडून उघडी बोर्डे आणली, त्यांवरची कॉइल डोळ्यांना दिसत होती. सहाही टेबलांवर मोजले, इनपुट ०.११ ते ०.१३ अँपियर. जुने पाच डबे अजून माझ्याकडे आहेत आणि फोडलेला सहावा अभ्यासिकेच्या कपाटात ठेवला आहे, म्हणजे पुढच्या खरेदीला जो जाईल त्याने आधी तो पाहावा.