शर्यतीच्या आदल्या दिवशी: थोडं पळायचं, की पाय वर करून पडायचं?

रविवारी पहाटे छत्रपती संभाजीनगरात हाफ मॅरेथॉन आहे, तुम्ही परभणी, नांदेड किंवा लातूरकडून शनिवारी तिकडे जाणार आहात आणि ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, आदल्या दिवशी पायाला हातसुद्धा लावू नका. दुसरा म्हणतो, वीस मिनिटं हलकं पळणं, म्हणजे शेकआउट रन, केल्याशिवाय पाय मोकळे होत नाहीत. दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे. म्हणून इथे एकच माणूस धरून तीन पर्याय शेजारी ठेवून बघू: शनिवारी पूर्ण आराम, सकाळी घरीच छोटं पळणं, किंवा पोचल्यावर संध्याकाळी मुक्कामी पळणं.

माणूस असा धरा. परभणीतल्या एक शिक्षिका, वजन 60 किलो, आठवड्यातून चार दिवस पळतात, बहुतेक कृषी विद्यापीठाच्या परिसरात. 21.1 किलोमीटर 2 तास 10 मिनिटांत करायचंय, म्हणजे पेस किलोमीटरला साधारण 6 मिनिटं 10 सेकंद. शनिवारी सकाळच्या गाडीने जालनामार्गे संभाजीनगर, दुपारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायचा, रात्री मुक्काम, पहाटे शर्यत.

आधी भीतीचा हिशोब

शेकआउट नको म्हणणाऱ्यांची मुख्य भीती असते की साठवलेली ताकद खर्च होईल. सपाट रस्त्यावर दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. आपल्या शिक्षिका अडीच किलोमीटर पळाल्या तर 150 कॅलरी. ही सगळी कर्बोदकांतूनच गेली असं धरलं तरी 38 ग्रॅमच्या आसपास होतात, म्हणजे वाटीभर भात. दिवसभर नीट जेवण होणार असेल तर ही तूट दुपारपर्यंत भरून निघते. त्यामुळे शक्ती संपण्याचा मुद्दा निकालात निघाला.

पण समोरच्या बाजूचा दावाही तेवढाच आवरता घ्यायला हवा. शनिवारच्या वीस मिनिटांनी दम वाढत नाही, रविवारची वेळही त्यातून निघत नाही. शर्यतीआधीच्या आठवड्यात पळणं कमी केलं की पाय जड, सुस्त वाटायला लागतात. हलकं पळून चार छोटे वेग घेतले की तो जडपणा उतरतो, पोट साफ व्हायला मदत होते आणि डोक्यातली धाकधूक कमी होते. एवढाच फायदा, पण नेहमी पळणाऱ्याला तो जाणवतो.

म्हणून पहिली निवड सरावावरून करा. आठवड्यात चार किंवा जास्त दिवस पळत असाल, आणि सरावात लाँग रनच्या आदल्या दिवशी हलकं पळण्याची सवय असेल, तर शेकआउट करा. आठवड्यात दोन-तीन दिवसच पळत असाल तर शनिवारी पूर्ण आराम घ्या. ज्या पायांना सलग दोन दिवसांची सवयच नाही, त्यांना ती शर्यतीच्या दिवशी लावायला नको. ताप, सर्दी छातीत उतरलेली किंवा पोट बिघडलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

सकाळी घरी, की संध्याकाळी मुक्कामी?

संध्याकाळच्या बाजूने एक मुद्दा भक्कम आहे. गाडीत तीन-साडेतीन तास बसून कंबर, मांड्यांची मागची बाजू आणि पोटऱ्या आखडतात. उतरल्यावर पळालं की बरं वाटतं. शिवाय शर्यतीच्या गावची हवा अंगावर येते.

आता अडचणी बघा. गाडी लेट झाली, बिबच्या रांगेत तास गेला, लॉजवर सामान टाकेपर्यंत पाच वाजले. थंडीच्या दिवसांत सव्वासहापासून अंधारायला लागतं. अनोळखी रस्ता, खड्डे, गल्लीतली कुत्री, शनिवारची वाहतूक. या सगळ्यात पळायला निघायचं, परत येऊन आंघोळ, मग जेवायला साडेआठ आणि झोपायला साडेदहा. पहाटे पावणेचारला उठणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. गार्डन, क्रीडा संकुल किंवा विद्यापीठाचा परिसर अगदी चालत्या अंतरावर असेल आणि चार वाजता मोकळे झाला असाल, तरच हा पर्याय धरा.

माझं मत सकाळच्या बाजूने आहे. घरचा रस्ता ओळखीचा, हवा थंड, आणि शर्यतीच्याच वेळेला उठल्यामुळे पोटालाही ती वेळ कळते. गाडीतला आखडलेपणा राहतो, पण त्यासाठी पळायची गरज नाही. दर तासाला उठून डब्यातून एक फेरी मारायची आणि संध्याकाळी जेवणानंतर पंधरा मिनिटं सावकाश चालायचं.

शिक्षिकाबाईंचं शनिवारचं पळणं असं: पाच मिनिटं चालणं, मग पंधरा मिनिटं अगदी हलकं, सव्वासात ते साडेसातच्या पेसने. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. मग चार स्ट्राइड्स, प्रत्येकी पंधरा सेकंद. हळूहळू वेग वाढवायचा, शर्यतीच्या पेसपेक्षा थोडा जास्त, पण जीव तोडून नाही. दोन स्ट्राइड्समध्ये एक-दीड मिनिट चालायचं. शेवटी पाच मिनिटं चालून घरी. घड्याळात ठोके नेहमीपेक्षा थोडे जास्त दिसले तर दचकू नका, आदल्या दिवशीच्या ताणाने असं होतं. आणि पाय भलतेच हलके लागले म्हणून पाच किलोमीटरपर्यंत जाऊ नका. शेकआउटची नासाडी बहुतेक वेळा अशीच होते: ग्रुपमधला एखादा जोर लावतो आणि बाकीचे मागे ओढले जातात.

पळताना कुठेतरी टोचलं तर? या आठवड्यात अशी टोचणी अनेकांना होते, लक्ष सगळं शरीरावरच असतं. दुखणं जागा बदलत असेल, पाच-सात मिनिटांत विरत असेल, तर सोडून द्या. एकाच बिंदूवर असेल, पावलागणिक वाढत असेल किंवा तुम्ही नकळत लंगडत असाल, तर तिथेच थांबून चालत परत या. शनिवारी हे कळणं हाही शेकआउटचा उपयोगच.

सामानाची तपासणी

सकाळच्या पर्यायाचा अजून एक फायदा इथे दिसतो: रविवारचे बूट, मोजे, टी-शर्ट आणि आतले कपडे घालूनच शेकआउट करायचं. मोज्याची शिवण बोटावर येते का, काखेत घासतं का, हे वीस मिनिटांत कळतं, आणि बॅग भरायच्या आधी बदलायला घरचं कपाट समोर असतं. मुक्कामी कळलं तर नवं विकत घ्यावं लागतं आणि नवं तर घालायचंच नाही. आरामाचा पर्याय निवडला असेल तर निदान हे सगळं घालून घरात अर्धा तास वावरा.

बुटांनी आधीच निदान 40-50 किलोमीटर आणि एखादा लाँग रन पाहिलेला असावा. बिबसोबत मिळणारा टी-शर्ट कितीही छान दिसला तरी शर्यतीत घालू नका. कोऱ्या कापडाची शिवण पंधराव्या किलोमीटरला त्वचा सोलते. व्हॅसलीन काख, मांड्यांच्या आत आणि अंगाला घासणाऱ्या प्रत्येक पट्ट्याखाली. नखं शनिवारी नाही, दोन-तीन दिवस आधी कापा, म्हणजे चुकून खोल कापलं गेलं तरी भरून येतं.

बिब हातात आला की नाव, नंबर आणि अंतर तिथेच तपासा. चिप बहुतेक वेळा बिबच्या मागे चिकटवलेली असते, तेव्हा बिब दुमडू नका आणि जॅकेटखाली झाकू नका, नाहीतर वेळ नोंदली जात नाही. चिप बुटाला बांधायची असेल तर लेसमध्ये ओवून बूट तसेच ठेवा. चार पिना संध्याकाळीच टी-शर्टाच्या पुढच्या बाजूला लावून टाका. घड्याळ पूर्ण चार्ज. आणि एक जुना फुलशर्ट बॅगेत ठेवा: पहाटे पारा 10-12 अंशांवर असतो, सुरुवातीच्या रेषेवर अर्धा तास कुडकुडत उभं राहण्यापेक्षा तो अंगावर असलेला बरा.

आराम कशाला म्हणायचं

पूर्ण आराम निवडलेले लोक इथेच फसतात. पळणं टाळलं आणि मग "आलोच आहोत तर देवगिरी बघून येऊ" म्हणत दुपारी किल्ल्यावर. चढण्याचं एवढं नाही, उतरताना मांडीचे स्नायू ताणत ताणत भार झेलतात, आणि अशा कामाने येणारं दुखणं 24 ते 48 तासांत शिखरावर जातं. म्हणजे रविवारी पहाटे ते चढतीवर असतं. वेरूळ, बीबी का मकबरा, सगळं शर्यतीनंतरच्या दिवसासाठी. शेकआउटची अडीच किलोमीटर आणि बाजारातली तीन तासांची रपेट यांत पायांना जास्त महाग रपेटच पडते.

झोपेत शुक्रवारची रात्र महत्त्वाची. शनिवारी धाकधुकीने झोप तुटणारच, पण आधीच्या दोन-तीन रात्री नीट गेल्या असतील तर एका रात्रीने मोठा फरक पडत नाही. शनिवारी दुपारी अर्धा तास पडा, शेवटचा चहा दोन-अडीचला. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. मुक्काम पाहुण्यांकडे की लॉजवर? पाहुण्यांकडे घरचं जेवण मिळतं, पण गप्पा अकरापर्यंत चालतात. लग्नसराईत लॉजखाली डीजे असू शकतो. मी लॉज घेईन, रस्त्याच्या मागच्या बाजूची खोली मागेन आणि कानात कापूस ठेवेन.

जेवणात आपल्याकडे दोन गोष्टींनी घोळ होतो. एक, शनिवारचा उपवास. मारुतीरायाचा वार सोडवत नसेल तर रात्रीपर्यंत ताणू नका; साबुदाणा, बटाटा, केळी, खजूर यांत कर्बोदकं भरपूर असतात, फक्त खिचडीत शेंगदाण्याचं कूट आणि तेल कमी. दुसरी, भाकरी. रोजची ज्वारीची भाकरी पोटाला परकी नाही, पण तिच्यासोबत पालेभाजी, मटकीची उसळ आणि ठेचा आला की चोथा आणि तिखट दोन्ही वाढतं. संध्याकाळी सात-साडेसातला वरणभात, दोन पोळ्या, थोडं दही पुरे. नान-खलिया रविवारी दुपारी. पाणी तहानेप्रमाणे, लघवी फिकट पिवळी दिसेल इतकं. लिटरच्या लिटर ढोसल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि रात्री चारदा उठावं लागतं ते वेगळंच.

राहिले ते लोक, जे शनिवारी कामावरून सुटून रात्री उशिरा पोचतात. त्यांनी शेकआउट शुक्रवारी सकाळी उरकावं आणि शनिवारी पळूच नये. बिब मात्र त्यांच्यासाठी कोणीतरी आधी घेऊन ठेवलेला हवा. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत मागतात, आणि शर्यतीच्या सकाळी बिब देत नाहीत, तेव्हा नोंदणीचा मेल शुक्रवारीच उघडून वाचा.