तीन महिन्यांची सरासरी आणि जूनची फी: आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारीपासून घरखर्च शीटमध्ये लिहितेय. पद्धत साधी आहे: मागच्या तीन महिन्यांच्या खर्चाची सरासरी काढायची, तोच पुढच्या महिन्याचा अंदाज. दुसऱ्या ओळीत जानेवारी, B रकान्यात खर्च. मग एप्रिलच्या ओळीत एवढंच:

```
C5: =AVERAGE(B2:B4)
D5: =B5-C5
```

D म्हणजे चूक, खर्च वजा अंदाज. हा रकाना मी हौस म्हणून ठेवला होता. पुढे तोच कामाला आला.

जूनमध्ये मुलाची ३८,००० रुपये फी भरली आणि महिना ७९,५०० वर गेला. अंदाज होता ४१,२६७. बरं, फी कुठून येणार हे शीटला कसं कळावं? पण जुलैसाठी तिने सांगितलं ५४,६३३, आणि खर्च झाला ४०,२००. एकदाच भरलेली फी तीन महिने सरासरीत मुक्काम ठोकून बसते. ज्या महिन्यात पैसे लागतात तेव्हा अंदाज तोकडा, आणि नंतर तीन महिने फुगलेला.

म्हणून वर्षातून एकदाच येणारे खर्च सरासरीतून काढले. फी ३८,०००, विम्याचे हप्ते २२,०००, दिवाळी १८,०००: एकूण ७८,०००. बाराने भागून दरमहा ६,५०० वेगळ्या खात्यात जातात. जूनचा रोजचा खर्च मग ४१,५०० उरला आणि जुलैचा अंदाज ४१,९६७ आला. आता चूक पावणेदोन हजारांची.

अंदाजाच्या वर राखीव पैसा किती ठेवायचा? आधी मी सरसकट दहा टक्के धरत होते, कारण काहीच नाही. आता D रकाना बघते. एप्रिलला ३,१३३ जास्त गेले, मेला ३,९००, जूनला २३३, ऑगस्टला गणपतीमुळे २,८००. पाचच महिन्यांच्या चुका हाताशी असल्याने सर्वांत मोठी धरली आणि ४,००० ठेवले. जुलैसारखी उलटी चूक यात मोजत नाही, पैसे उरले म्हणून कोणाची झोप उडत नाही.

दोन गोष्टी खटकतात. खर्च चढत असेल तर सरासरी कायम मागे राहते. उन्हाळ्यात वीजबिल आणि आंब्यांनी एप्रिल-मे दोन्ही महिने तिला मागे टाकलं. D मध्ये सलग अधिकच आकडे दिसले की ओळखायचं. सहा महिन्यांची सरासरी करून पाहिली, ती तर आणखी रेंगाळते. दुसरी चूक माझीच: चालू महिन्याचा अर्धवट आकडा B मध्ये असताना तोही सरासरीत धरला आणि अंदाज एकदम स्वस्त झाला. रिकामा सेल AVERAGE सोडून देतं, अर्धा भरलेला नाही. आता महिना संपल्यावरच आकडा टाकते.

सप्टेंबरसाठी ४२,०३३ अंदाज, ४,००० राखीव, ६,५०० वेगळे. दिवाळीच्या खात्यात हात घालायचा नाही, असं नवऱ्याला सांगून ठेवलंय.