घास अडकतोय: अन्ननलिका रुंद करून घ्यावी की दूध-गहू सोडावे?

इओसिनोफिलिक इसोफेजायटिसचं, म्हणजे अन्ननलिकेला ॲलर्जीतून येणाऱ्या सुजेचं, निदान हातात आलं की डॉक्टर गोळ्या आणि गिळायच्या स्टेरॉइडबद्दल सांगतातच. त्यावर मी बोलत नाही. माझी अडचण उरलेल्या दोन वाटांची होती, आणि मी दोन्ही चालून आलोय.

पहिली डायलेटेशनची, म्हणजे अन्ननलिका आतून ताणून रुंद करण्याची. माझी नलिका एका जागी ११ मिलिमीटरवर आली होती. एका बैठकीत साधारण ३ मिलिमीटरपेक्षा जास्त ताणत नाहीत, म्हणून दोन बैठकांत ती १६ पर्यंत नेली. दोन दिवस छातीत दुखलं. नलिका फाटण्याचा धोका शंभरात एकापेक्षाही कमी, असं आधीच सांगितलं होतं. पण फरक लगेच पडला. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घेणारा मी, लग्नाच्या पंगतीत इतरांच्या बरोबरीनं उठलो.

इथेच माझं बिनसलं. तीन महिन्यांनी दुर्बिणीतून नलिकेच्या अस्तराचे तुकडे तपासायला घेतले, तर सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात इओसिनोफिल, म्हणजे ही सूज दाखवणाऱ्या पांढऱ्या पेशी, ४० च्या आसपास, आधी होत्या तेवढ्याच. त्या १५ च्या खाली हव्यात. ताणण्याने वाट मोकळी होते, पण ती अरुंद करणारी सूज तशीच राहते. घसा बरा वाटतो म्हणून आपण गाफील राहतो. वर्षाच्या आत भाकरीचा तुकडा पुन्हा अडकला.

मग आहार. दूध, गहू, अंडी, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासे असे सहा गट एकदम सोडायचा मार्ग आहे, पण नंतर एकेक गट परत आणायचा आणि प्रत्येक वेळी दुर्बीण. मला ते झेपणारं नव्हतं. मी नेहमीचे दोन गुन्हेगार, दूध आणि गहू, आधी सोडले. त्वचेच्या चाचणीत शेंगदाणा आला होता, त्याकडे दुर्लक्ष केलं, कारण या आजारात ती चाचणी क्वचितच खरं बोलते. आठ आठवड्यांनी पेशी ६. गहू परत सुरू केला, पुन्हा आठ आठवडे, पेशी ८. म्हणजे माझ्यापुरता चोर दूधच.

पोळी परत मिळाली, चहा मात्र कोराच राहिला. तूपही बंद, कारण त्यात प्रथिनाचा अंश राहू शकतो. ब्रेड-बिस्किटांत दूध पावडर असते, ते पाकीट उलटं करून वाचायची सवय लागली. मेहुण्याकडे दर वेळी 'थोडं श्रीखंड चालेल हो' ऐकावं लागतं, ते वेगळंच.

दूध सगळ्यांनाच बाधतं असं नाही. काहींना सहाही सोडून गुण येत नाही. आणि घास रोजच अडकत असेल, नलिका खरंच बारीक असेल, तर आधी ताणून घ्या, उपाशी राहून परीक्षा देऊ नका. पण ताणल्यावर तिथेच थांबू नका. निदान दोन महिने दूध सोडून पुन्हा तुकडा तपासून घ्या, मगच पुढच्या डायलेटेशनची तारीख ठरवा.