रबचा आकडा आणि मांजराची नखं: तीन सोफा-कापडांचा सव्वा वर्षाचा अनुभव

आमच्या घरी तीन कापडांपैकी ज्याच्या कॅटलॉगवर रबचा, म्हणजे कापड किती घासणं सोसतं त्याचा, सगळ्यात मोठा आकडा होता, तेच सगळ्यात आधी खराब झालं. तो आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. तो जे मोजतो आणि आमच्या घरात कापडावर जे घडतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात लहान मुलं किंवा प्राणी असतील तर कापड घेण्याआधी हा फरक माहीत असायलाच हवा.

घरची परिस्थिती अशी: चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं, एक मांजर, आणि रोज संध्याकाळी फिरून आल्यावर थेट सोफ्यावर उडी मारणारा मध्यम आकाराचा कुत्रा. जुन्या सोफासेटचा सागवानी सांगाडा उत्तम होता, म्हणून फक्त फोम आणि कापड बदललं. तिन्ही नगांना मुद्दाम वेगवेगळी कापडं लावली, म्हणजे त्याच घरात, त्याच वापरात कोणतं टिकतं ते कळेल. तीन जणांच्या सोफ्याला आखूड लवेचं पॉलिस्टर वेल्वेट, ४०,००० रब. एका खुर्चीला शेनील, ५०,००० रब. दुसऱ्या खुर्चीला साध्या विणीचं सपाट पॉलिस्टर-कॉटन, ३०,००० रब. तिन्हींचा पन्हा ५४ इंची.

आधी हा रबचा आकडा येतो कुठून ते सांगते, कारण दुकानात तो सगळे सांगतात पण समजावून कुणी देत नाही. आपल्याकडच्या कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा मार्टिनडेल चाचणीचा आकडा असतो. त्यात कापडाचा छोटा गोल तुकडा ठरावीक दाबाखाली लोकरीच्या कापडावर घासतात. घासण्याची दिशा सतत बदलत राहते, त्यामुळे ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्हींवर घर्षण येतं. मध्ये मध्ये यंत्र थांबवून तुकडा तपासतात, आणि विणलेल्या कापडाचे दोन धागे तुटले की मोजणी संपते. अमेरिकी कापडांवर ‘डबल रब’ लिहिलेलं असतं. ती वायझनबीक नावाची निराळी चाचणी. तिथे कापड ताणून बसवतात आणि जाड सुती कापड किंवा तारेची जाळी त्यावर सरळ पुढे-मागे घासतात. या दोन आकड्यांचा एकमेकांशी हिशेब लागत नाही. कॅटलॉगवर नुसतं ‘५०,०००’ छापलेलं असेल तर कोणती चाचणी ते आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या आकड्याच्या भरवशावर कापड घेऊ नका.

घरगुती वापराला साधारण २०,००० ते ३०,००० मार्टिनडेल पुरतात असं धरतात. रोजच्या दणकट वापराला तीस हजारांपासून वर. म्हणजे आमची तिन्ही कापडं या हिशेबात पास होती. पण या चाचणीत लोकरीचं मऊ कापड घासतात. धाग्याखाली नख अडकवून कुणी ओढत नाही. घाम, तेल, मातीचे कण नसतात. आमच्याकडे कापड घासून झिजण्याआधी ओढलं गेलं.

शेनीलच्या खुर्चीवर मांजराची खूण दुसऱ्याच महिन्यात दिसली. शेनीलचा धागा कसा बनतो ते पाहिलं की कारण कळतं. गाभ्याचे दोन बारीक दोरे एकमेकांना पिळतात आणि त्या पिळात आखूड तंतूंचे तुकडे आडवे धरून ठेवतात, बाटली धुण्याच्या ब्रशसारखे. ते तुकडे फक्त पिळाने धरलेले असतात. शिवाय असा धागा जाड असतो, त्यामुळे वीण सैल राहते आणि नखाला शिरायला जागा मिळते. नख अडकलं की अख्खा धागा फासासारखा वर येतो. मग तिथे मुलाचं बोट जातं, शाळेच्या बॅगेचा वेल्क्रो अडकतो, आणि फास लांबत जातो. खुर्चीच्या हाताच्या पुढच्या टोकाला, जिथे उठताना तळहात टेकतो, तिथली लव गळून आतले दोरे उघडे पडले. हे दोरे अजून तुटलेले नाहीत. मोजणी दोरे तुटेपर्यंतच धरली, तर टक्कल पडलेलं हे कापड अजूनही ‘टिकलेलं’ ठरेल. मोठा आकडा आणि वाईट दिसणारी खुर्ची एकत्र नांदतात ते यामुळे. हातमागाच्या लुकचं जाडभरडं कापड, गाठीदार लिनन, आणि सध्या सगळीकडे दिसणारं बुकले यांचीही हीच अडचण आहे. बुकलेच्या पृष्ठभागावर तर धाग्याच्या कड्याच कड्या असतात. मांजर असलेल्या घरात मी ते कोणालाही घेऊ देणार नाही.

वेल्वेटबद्दल मला सगळ्यात जास्त शंका होती. ते नाजूक असतं असंच ऐकत आले होते. प्रत्यक्षात तेच सगळ्यात चांगलं टिकलं. आखूड, कापलेल्या लवेत कड्या नसतात. सगळे तंतू उभे आणि मोकळ्या टोकाचे. नख आत जातं आणि तसंच बाहेर येतं, अडकायला काही मिळत नाही. वर उमटलेली रेघ हाताने उलट-सुलट फिरवली की जाते. मांजरालाही त्यात मजा येत नसावी, दोन-तीनदा प्रयत्न करून तिने तो सोफा सोडला.

पण सगळं वेल्वेट एकसारखं नसतं. लवेचा प्रत्येक झुपका खालच्या विणीत कसा गुंतवलाय त्यावर त्याचं आयुष्य ठरतं. झुपका एकाच आडव्या धाग्याखालून वळून वर आला असेल तर तो सहज उपटतो. तीन धाग्यांच्या खालून-वरून गेला असेल तर घट्ट बसतो. दुकानात हे ओळखायचं सोपं आहे. तुकड्याच्या कापलेल्या कडेजवळची लव दोन नखांत धरून ओढा. कडेचे दोन-चार तंतू कुठल्याही वेल्वेटचे येतील, पण झुपकेच्या झुपके हातात आले तर ते कापड ठेवून द्या. मग तुकडा लव बाहेर ठेवून घडी घाला. घडीच्या रेघेवर खालची वीण दिसायला लागली तर लव विरळ आहे.

वेल्वेटचे त्रास वेगळे आहेत. कुत्रा रोज झोपतो तिथे लव दबून चकाकणारा डाग दिसतो. इस्त्रीची वाफ लांबून देऊन मऊ ब्रश फिरवला की तो बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. केस वरच राहतात. ते विणीत घुसत नाहीत, म्हणून काच पुसायच्या रबरी वायपरने ओढून एका बाजूला गोळा होतात. कोरड्या हवेत पॉलिस्टरवर ते चिकटून बसतात, पावसाळ्यात कमी. शिवताना लवेची दिशा सगळ्या तुकड्यांना एकच हवी: पाठीवर वरून खाली, बैठकीवर मागून पुढे. आमच्या कारागीर काकांनी आधी एका गादीचं कापड वाचवण्यासाठी उलटं लावलं होतं, तर ती गादी चक्क दुसऱ्या रंगाची वाटत होती. त्यांनी विनातक्रार उसवून बदलून दिलं.

सपाट पॉलिस्टर-कॉटनचा निकाल मधला आहे. वीण घट्ट आहे, ताणा आणि बाणा जवळपास सारख्या जाडीचे, एका आड एक. त्यामुळे मांजराने प्रयत्न करूनही सव्वा वर्षात मोजकेच धागे वर आले. ते मी जाड सुईने मागच्या बाजूला ओढून घेतले. वर आलेला धागा कधीही कापू नका, तिथून वीण सुटायला लागते. जकार्डची, म्हणजे विणीतच काढलेली नक्षी घेणार असाल तर तिचे मोकळे धागे किती लांब सुटलेत ते पाहा. एखादा धागा चार-पाच मिलिमीटर वरून तरंगत गेला असेल तर तो नखाला आयताच मिळतो.

या खुर्चीचा खरा त्रास गोळ्यांचा. सहा-सात महिन्यांनी बैठकीवर बारीक गोळे दिसू लागले, विशेषतः जीन्स घालून बसणाऱ्यांच्या जागी. पॉलिस्टर-कॉटनच्या कातलेल्या धाग्यात आखूड तंतू असतात. ते घासून बाहेर येतात आणि गुंततात. नुसत्या सुती कापडाचे गोळे बरेचसे गळून जातात, पण पॉलिस्टरचा चिवट तंतू त्यांना धरून ठेवतो. गोळे काढायच्या छोट्या मशीनने ते जातात, पुन्हा येतात, पण दरवेळी कमी. यासाठी वेगळी चाचणी असते आणि तिला १ ते ५ गुण देतात, ५ म्हणजे उत्तम. रबच्या आकड्याच्या शेजारी हा गुण असेल तर ४ च्या खाली घेऊ नका. लिहिलेला नसेल तर तुकड्याचा एक धागा उसवून पीळ सोडा. लांबच लांब, चकचकीत, सलग तंतू निघाले तर गोळे कमी येतील. कापसासारखे आखूड, केसाळ तंतू निघाले तर येणारच.

दुकानात मी आता पिशवीत तीन वस्तू नेते: मुलाच्या जुन्या सँडलचा वेल्क्रो पट्टा, पांढरा रुमाल आणि पाण्याची छोटी बाटली. वेल्क्रोची खरबरीत बाजू सॅम्पलवर दाबून चार-पाचदा खसकन ओढायची. कापडावर फास आले किंवा केसाळपणा उठला तर तुमच्या घरी सहा महिन्यांत तेच होणार. दुकानदार आधी बघत राहतात, पण विचारून केलं तर नाही म्हणत नाहीत. ओला रुमाल जोरात वीसेकदा घासायचा आणि रंग उतरतो का ते पाहायचं. गडद निळा आणि मरून इथेच नापास होतात, आणि घामेजलेल्या मुलाच्या पांढऱ्या शर्टावर तो रंग नंतर दिसतो. शेवटी एक थेंब पाणी. थेंब वर राहिला तर कापडावर पाणी न शोषण्याचा लेप आहे. मात्र तो लेप घासून आणि धुऊन कमी होत जातो. आमच्या वेल्वेटवर पहिले काही महिने दूध गोळीसारखं वर राहायचं, आता लगेच टिपावं लागतं. टिपावं म्हणते, पुसावं नाही. घासलं की दूध लवेच्या मुळाशी जातं आणि दोन दिवसांनी वास येतो.

वरणाचा हळदीचा डाग सपाट खुर्चीवर पडला तेव्हा साबण लावला नाही, कारण साबणाच्या अल्कलीने हळद लाल होते. गार पाण्याने टिपून कव्हर उन्हात ठेवलं. तीन-चार दुपारींत पिवळेपणा जवळजवळ गेला. हे जमलं कारण गाद्यांच्या कव्हरांना चेन लावून घेतली होती. मुलं असतील तर कारागिराला चेनचं आधीच सांगा, कापड ठोकून बसवल्यावर ते शक्य नसतं.

शेनीलची खुर्ची या दिवाळीआधी बदलणार आहे. तिलाही आखूड लवेचं वेल्वेटच घेतलं आहे, ३५,००० रबचं, म्हणजे काढून टाकणार असलेल्या कापडापेक्षा पंधरा हजारांनी कमी. रंग मांजराच्या केसांच्या जवळ जाणारा राखाडी आहे. गरजेपेक्षा एक मीटर जास्त घेतलं, हातांवर घालायची सुटी कव्हरं शिवायला. आणि खुर्चीच्या ज्या कोपऱ्यावर मांजर नखं घासायची, तिथेच काथ्या गुंडाळलेला उभा खांब ठेवला आहे. तो दुसऱ्या खोलीत होता तोवर तिने त्याला हात लावला नव्हता.